वरचे तीनशे रुपये कुठे गेले?

कोल्हापुरात माझी मावसबहीण बिडाचे तवे विकते. तवा जड, दहा इंची. ओतकाम शहराबाहेरच्या एका फाउंड्रीत होतं, घासून-पुसून तेलाचा थर चढवायचं काम तिच्या अंगणात. पहिले साठ तवे तिने १,४५० रुपयांना विकले. मग गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस तिचा फोन आला. "ताई, आता मला हाच तवा साडेअकराशेला परवडतो. नव्यांना सांगणं सोपं आहे गं. पण त्या साठ जणांना काय सांगू?"

या प्रश्नात मी अडकले ती आजतागायत. कारण विचार करा, १ नोव्हेंबरला सकाळी त्या साठ घरांमध्ये काय बदलणार होतं? काहीही नाही. तवा तोच, त्यावरचं घावन कालच्याइतकंच जाळीदार, खिशातला एक रुपयाही कमी झालेला नाही. तरीही फोनवर "आता फक्त ११५०" अशी ओळ वाचली की त्याच तव्याकडे बघताना मनात काहीतरी टोचणार. वस्तू हललेली नाही, पैसा हललेला नाही, फक्त एक आकडा कुणीतरी दुसऱ्यासाठी बदलला. आणि आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. इन्स्टाग्रामवरच्या फोटोखालच्या चार ओळींनी ही टोचणी लागू शकते आणि चार ओळींनीच ती निघूही शकते. मला हे फार विलक्षण वाटतं. म्हणून त्या ओळी कशा घडतात ते नीट बघावंसं वाटलं.

ही टोचणी अगदी मोठ्या प्रमाणावर जगाने पाहिली ती २००७ साली. अ‍ॅपलचा पहिला आयफोन २९ जून रोजी अमेरिकेत विक्रीला आला. आठ जीबीच्या फोनची किंमत ५९९ डॉलर. लोक दुकानांबाहेर रांगा लावून तो घेऊन गेले. ५ सप्टेंबरला, म्हणजे सत्तर दिवसही झाले नव्हते तेव्हा, स्टीव्ह जॉब्स यांनी मंचावरून जाहीर केलं की तोच फोन आता ३९९ डॉलरना मिळेल. दोनशे डॉलर एकदम खाली. दुसऱ्याच दिवशी जॉब्स यांना ग्राहकांसाठी खुलं पत्र लिहावं लागलं.

ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलंय, आणि त्यातल्या मुद्द्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी ते सांगतात की किंमत उतरवण्याचा निर्णय बरोबरच होता. मग सांगतात की तंत्रज्ञानाच्या धंद्यात असं होतच राहतं, किंमत उतरण्याच्या आदल्या दिवशी घेणारा कुणीतरी असतोच. आणि त्यानंतर ते सुरुवातीच्या ग्राहकांकडे वळतात : तुम्ही आमच्यावर विश्वास टाकलात, त्या विश्वासाला आम्ही जागलं पाहिजे. अशा प्रत्येकाला अ‍ॅपलच्या दुकानात खर्च करता येतील असे शंभर डॉलर, आणि नाराज केल्याबद्दल दिलगिरी. ज्यांनी किंमत उतरण्याआधीच्या चौदा दिवसांत फोन घेतला होता त्यांना फरकाचे पूर्ण दोनशे डॉलर परत मिळणार होते.

शेवटचा भाग उत्तम आहे. पण तो यायला एक दिवस उशीर झाला होता. आदल्या दिवशीच्या घोषणेत जुन्या ग्राहकासाठी काही नव्हतं, आणि त्या चोवीस तासांत जुन्या ग्राहकाच्या मनातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःच देऊन टाकलं होतं. तो प्रश्न म्हणजे : माझे वरचे दोनशे डॉलर कुठे गेले? उत्तर उघड दिसत होतं, कंपनीच्या गल्ल्यात.

मला वाटतं सगळी मेख या प्रश्नात आहे. आपण आकड्यावर चिडतो असं आपल्याला वाटतं, पण खरं तर आपण आकड्यामागच्या कारणावर चिडतो. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी कॅनडातल्या टोरांटो आणि व्हँकुव्हर भागातल्या लोकांना फोन करून अगदी साधे प्रसंग ऐकवले होते. एका हार्डवेअरच्या दुकानात बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरना मिळतं. रात्रभर मोठं हिमवादळ होतं आणि सकाळी दुकानदार किंमत २० डॉलर करतो. हे योग्य की अयोग्य? शंभरातल्या ८२ जणांनी अयोग्य म्हटलं. दुसरा प्रसंग : वाहतूक अडल्याने किराणा दुकानदाराला लेट्यूसचा गड्डा नेहमीपेक्षा ३० सेंट महाग पडला, आणि त्याने गिऱ्हाइकासाठीही किंमत तेवढीच, ३० सेंटनी वाढवली. इथे ७९ टक्के लोक म्हणाले, चालेल.

दोन्हीकडे गिऱ्हाइकाला जास्त पैसे पडले. एकीकडे ते दुकानदाराच्या खिशात गेले, दुसरीकडे मालाच्या खर्चात. एवढ्या फरकाने माणसांचा कौल अख्खा उलटा झाला! दूधवाल्याने दर वाढवला की "पेंड महागली" एवढं सांगितल्यावर आपण गप्प होतो, त्याच्या मुळाशीही हेच आहे.

किंमत वाढताना हे आपल्याला लगेच कळतं. किंमत उतरताना मात्र ते उलट्या बाजूने काम करतं, आणि ते कळायला मला जरा वेळ लागला. उतरलेली किंमत नव्या गिऱ्हाइकासाठी चांगली बातमी असते. जुन्यासाठी ती उशिरा आलेली भाववाढ असते. तो मनात हिशेब मांडतो : खरा भाव साडेअकराशे, मग माझ्याकडून तीनशे जास्त घेतले. नवी किंमत ऐकल्याक्षणी तीच त्याच्या लेखी मूळ किंमत बनते आणि त्याची जुनी खरेदी आपोआप महाग ठरते. तेव्हा मजकुराला करायचं काम एकच आहे : त्या वरच्या तीनशेंचा पत्ता सांगायचा.

पत्ता दरवेळी वेगळा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे एअर कंडिशनरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्याने ऑगस्टमध्ये एसी घेतला त्याचे वरचे पैसे दुकानदाराकडे राहिलेच नव्हते, ते कर म्हणून सरकारकडे गेले होते. अशा वेळी दुकानदाराने एवढंच स्पष्ट लिहावं. मोठेपणा घेऊन "खास तुमच्यासाठी आम्ही किंमत उतरवली" असं लिहिलं, तर ऑगस्टचा ग्राहक म्हणणार, मग ऑगस्टमध्ये का नाही उतरवलीत?

याहून अवघड पत्ता २०११ साली निन्टेन्डो कंपनीला सांगावा लागला. हातात धरून खेळायचं त्यांचं ३डीएस नावाचं यंत्र जपानमध्ये फेब्रुवारीत २५,००० येनना आलं. विक्री रखडली. जुलैच्या अखेरीस कंपनीने जाहीर केलं की ११ ऑगस्टपासून किंमत १५,००० येन होईल. सहा महिन्यांत चाळीस टक्के घट. इथे सांगण्यासारखं गोड कारण काहीच नव्हतं. यंत्र खपत नव्हतं, हेच खरं होतं. अध्यक्ष सातोरु इवाता यांनी जुन्या ग्राहकांना उद्देशून वेगळं पत्र लिहिलं. सुरुवातीपासून साथ देणाऱ्यांना ही दगाबाजी वाटू शकते, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. मग कारण सांगितलं : हे यंत्र पुष्कळ लोकांकडे जाणार असा भरवसा वाटला नाही, तर त्यासाठी खेळ बनवणारे पुढे येणार नाहीत, आणि मग तुमच्या हातातल्या यंत्राचंही चीज होणार नाही. याच सुमारास इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केल्याचंही जाहीर झालं.

या पत्राने मला थक्क केलं. जुना ग्राहक आणि नवा ग्राहक एकमेकांसमोर उभे आहेत असं आपण धरून चालतो. इवाता यांनी दाखवलं की नवा ग्राहक आला नाही तर जुन्याच्या यंत्रावर खेळायला काही उरणार नाही. वरचे पैसे परत येणार नाहीत, पण ज्या वस्तूत ते गेले ती वस्तू पडीक राहणार नाही. शिवाय पत्रावरच सगळं सोपवलं नव्हतं. किंमत उतरण्याआधी ज्यांनी एकदा तरी आपलं यंत्र निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानाशी जोडलं होतं, त्यांना वीस जुने खेळ मोफत मिळाले, आणि या लोकांना कंपनीने नाव दिलं अ‍ॅम्बॅसेडर. जुन्या खेळाची आणखी एक प्रत पाठवायला कंपनीला फारसा खर्च नाही. खेळणाऱ्याला मात्र ते वीस खेळ आहेत. घोषणा आणि प्रत्यक्ष उतार यांत दोन आठवडे ठेवले होते, तेही महत्त्वाचं. जुन्यांना बातमी दुकानातल्या पाटीवरून कळली नाही.

आता परत कोल्हापूरच्या अंगणात येऊ. मी बहिणीला विचारलं, "आधी चौदाशे पन्नास का होता, आणि आता साडेअकराशे कसा परवडतो?" ती म्हणाली, "पॅटर्नमुळे." मला कळेना. मग तिने ओतकामाचा अख्खा प्रकार समजावला आणि तिथेच आमचा मजकूर सापडला.

बिडाचा तवा वाळूच्या साच्यात ओततात. आधी तव्याच्या आकाराचा एक नमुना बनवावा लागतो, त्याला फाउंड्रीत पॅटर्न म्हणतात. हा पॅटर्न वाळूत दाबायचा, वाळू घट्ट ठोकायची, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा. मागे तव्याच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात तेराशे-चौदाशे अंश तापलेलं वितळलेलं बीड ओततात. बीड थिजलं की वाळूचा साचा फोडून टाकतात आणि तवा बाहेर काढतात. म्हणजे प्रत्येक तव्यासाठी नवा वाळूचा साचा बनतो आणि मोडतो. पॅटर्न मात्र मोडत नाही. तो पहिल्या तव्याला लागतो तसाच सहाशेव्या तव्यालाही चालतो.

तिच्या पॅटर्नला १८,००० रुपये लागले होते. तवे खपतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून तिने तो सगळा खर्च पहिल्या साठ तव्यांवर वाटून टाकला. अठरा हजार भागिले साठ, बरोबर तीनशे. साठावा तवा विकला गेला आणि पॅटर्न फिटला. उरलेली किंमत जशी होती तशीच आहे.

हा हिशेब ऐकून मी काही क्षण नुसती बसून राहिले. ज्या तीनशे रुपयांचा पत्ता आम्ही शोधत होतो, ते फाउंड्रीच्या फळीवर ठेवलेले होते, हाताला लागतील असे. त्या साठ जणांनी तवा तर घेतलाच, पण ज्यातून पुढचे सगळे तवे निघणार त्या नमुन्याचे पैसेही भरले होते. आणि हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने तोवर एक मजकूर लिहून ठेवला होता : "खुशखबर! बिडाचा तवा आता फक्त ११५०! त्वरा करा!" जुन्या गिऱ्हाइकाच्या डोळ्याने तो वाचून बघितला. "खुशखबर" नेमकी कुणाला? "फक्त" म्हणजे आधीचा भाव "फक्त" नव्हता, हे तुम्हीच कबूल करताय. "त्वरा करा" हे तर ज्याने सगळ्यात आधी त्वरा केली त्यालाच सुनावल्यासारखं. तीनही शब्द नव्यांशी बोलतात आणि जुन्यांना ते नुसते ऐकावे लागतात.

मग आम्ही नव्याने लिहिलं. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. म्हणून जुन्या गिऱ्हाइकाचा उल्लेख अगदी पहिल्या शब्दांत हवा होता. शेवटी ठरला तो मजकूर असा :

"ज्यांच्या घरी आमचा तवा आधीच आहे, त्यांना आधी सांगते : १ नोव्हेंबरपासून तव्याची किंमत १,४५० वरून १,१५० रुपये होत आहे.

तवा तोच, वजन तेच, ओतकाम तेच. या तव्याचा पॅटर्न बनवायला १८,००० रुपये लागले होते. ते पहिल्या ६० तव्यांवर वाटले होते, म्हणजे तुमच्या प्रत्येकाच्या किमतीत ३०० रुपये त्या पॅटर्नचे होते. तो खर्च आता फिटला. पुढच्यांकडून तो पुन्हा घेणं बरोबर नाही.

ज्यांना तवा १७ ऑक्टोबरला किंवा त्यानंतर पोचला, त्यांचे ३०० रुपये मी परत पाठवत आहे. तुम्ही काही कळवायला नको. त्याआधीच्या सगळ्यांना तव्याचं सीझनिंग एकदा मोफत करून देईन, कधीही आणा. बाहेरगावच्यांनी फक्त पाठवायचा खर्च करावा, परत मी पाठवीन.

काही विचारायचं असेल तर फोन करा, मीच उचलते."

यातली १७ ऑक्टोबर ही तारीख कुठून आली, यावर आमचा बराच वेळ गेला. कुठेही रेघ मारली तरी रेघेच्या पलीकडे दोन दिवसांनी कुणीतरी उभं असतंच. तेव्हा रेघ नव्याने मारायची नाही, आधीपासून असलेली वापरायची. तवा पंधरा दिवसांत परत घेण्याचा तिचा नियम पहिल्यापासून होता. म्हणजे त्या मुदतीतला माणूस तवा परत करून नव्या भावाने घेऊ शकलाच असता. तीनशे रुपये पाठवून तिने दोन फेऱ्यांचं कुरिअर वाचवलं इतकंच. अ‍ॅपलचे चौदा दिवसही असेच होते, त्यांची माल परत घेण्याची मुदत तेवढीच होती.

अशी सात घरं निघाली, २,१०० रुपये. पॅटर्नच्या खर्चातला तेवढा भाग मग तिने स्वतः सोसला. उरलेल्या ५३ जणांसाठी सीझनिंग. म्हणजे तवा खरवडून, तापवून, त्यावर जवसाच्या तेलाचे पातळ थर पुन्हा चढवून देणं. तिची भट्टी तशीही पेटलेली असते, त्यामुळे तिला एका तव्यामागे चाळीसेक रुपये पडतात. घरच्या गॅसवर हे करणाऱ्याचा अर्धा दिवस जातो आणि धुराने घर भरतं. निन्टेन्डोच्या वीस खेळांचा हाच नातेवाईक : देणाऱ्याला हलकं, घेणाऱ्याला भारी. पुढच्या खरेदीवर सूट द्यावी असंही तिच्या मनात होतं. मी नको म्हटलं, कारण ती घ्यायची तर माणसाला पुन्हा पैसे काढावे लागतात. जॉब्सच्या शंभर डॉलरांतही मला हीच उणीव वाटते.

"माफ करा" मात्र आम्ही लिहिलं नाही. तिला ते लिहायचं होतं. पण जुना भाव चुकीचा नव्हता, आणि माफी मागितली की तो चुकीचा होता असंच ऐकू येतं. त्याचबरोबर हेही खरं, की हा मजकूर हिला शोभतो तो हिशेब खरा आहे म्हणूनच. तवे नुसते पडून राहिले असते आणि तिने पॅटर्नची गोष्ट रचून सांगितली असती, तर साठांतल्या एखाद्याने तरी फाउंड्रीत ओळखीच्याला विचारलंच असतं. कोल्हापुरात असे ओळखीचे निघायला वेळ लागत नाही. तवे खरंच पडून राहिले असते, तर इवातांसारखं सरळ सांगणं भाग होतं. आणि दर दोन महिन्यांनी भाव उतरत असेल तर कुठलाच मजकूर पुरा पडत नाही. गिऱ्हाईक थांबायला शिकतं.

मजकूर फोटोखाली जाण्याआधी, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, तिने तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टने साठही जणांना पाठवला. इथे एक अडचण असते : ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवलेला नसतो, त्यांना असा निरोप पोचतच नाही. तिने रात्री एकेकाच्या नावापुढच्या खुणा तपासल्या. अकरा जणांना निरोप गेला नव्हता. त्या अकरांना तिने फोन केले. सकाळी नऊला फोटो इन्स्टाग्रामवर चढला तेव्हा साठांतल्या कुणालाही तो नवा नव्हता.

त्या दिवशी दुपारी एक फोन आला. त्या गृहस्थांना तवा १५ ऑक्टोबरला मिळाला होता, दोन दिवस आधी. त्यांनी तारीख अशीच का, म्हणून विचारलं. बहिणीने पंधरा दिवसांचा नियम सांगितला. त्यांना आलेल्या पावतीवर तो छापलेला होता. पलीकडे जरा शांतता. मग त्यांनी विचारलं, "पॅटर्न म्हणजे लाकडाचा असतो की धातूचा?" ती म्हणाली, "आमचा अ‍ॅल्युमिनियमचा आहे." "बघायला मिळेल का?" पुढच्या रविवारी ते सीझनिंगसाठी तवा घेऊन आले, सोबत नातू होता. बहीण त्यांना फाउंड्रीत घेऊन गेली. नातवाने पॅटर्न दोन्ही हातांनी उचलून बघितला, आणि त्याच्या जड नसण्याचं त्याला फार आश्चर्य वाटलं.